काकूंचा निरोप काकूंचाच वाटला पाहिजे

आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या काकू डबे करून देतात. सकाळी अकरा, रात्री सात. मी प्रेसमध्ये मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळे इमारतीत कुणाला काही लिहायचं असलं की कागद नाहीतर फोन माझ्याकडे येतो. ऑगस्टच्या सुरुवातीला काकू फोन घेऊन आल्या. एका मुलाचे दोन महिन्यांचे पैसे राहिले होते. त्याला पाठवायचा निरोप त्यांनी स्वतःच लिहिला होता, पण "जरा नीट करून द्या, मला शुद्ध येत नाही" म्हणाल्या. त्यांनी लिहिलेलं असं होतं:

"दादा डबा चालू आहे पण मागचे दोन महिने पैसे नाही आले जून आणि जुलै ५२०० झाले मी विचारणार नव्हते पण गॅस आणि भाजी दोन्ही महाग झाली हो जमेल तसे द्या पण द्या नाहीतर मला डबा बंद करावा लागेल आवडत नाही मला असं बोलायला"

आणि मी तो असा करून दिला:

"आदरणीय महोदय, आपणांस कळविण्यात येते की, माहे जून व जुलै या दोन महिन्यांच्या भोजनसेवेची एकूण ५,२०० रुपये इतकी रक्कम अद्याप प्रलंबित आहे. तरी सदर रक्कम लवकरात लवकर अदा करावी, ही नम्र विनंती. अन्यथा सेवा खंडित करण्यात येईल, याची कृपया नोंद घ्यावी. सहकार्याबद्दल धन्यवाद."

त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. काकूंनी तो तसाच पाठवला. पाचच मिनिटांत त्या मुलाचा फोन आला, "काकू, तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात आहे का? तुमच्या नावानं कुणीतरी पैसे मागतंय." फसवणुकीचे निरोप इतके येतात की ओळखीच्या नंबरावरून अनोळखी भाषा आली की माणूस आधी सावध होतो, आणि त्यानं सावध झालंच पाहिजे. निरोप आपलाच आहे असं काकूंनी सांगितल्यावर तो गप्प झाला, आणि मग म्हणाला, "मग नोटीस कशाला पाठवलीत? सरळ बोलायचं ना." आठवडाभर पैसे आले नाहीत. डबा मात्र रोज गेला.

ही चूक माझी होती. ती नेमकी कुठे झाली हे नीट उलगडून बघण्यासारखं आहे, कारण दुसऱ्याचा मजकूर सुधारून देणारा प्रत्येक जण थोड्याफार फरकानं हीच चूक करतो.

पहिलं म्हणजे "दादा" गेलं. तो मुलगा काकूंच्या मुलाच्या वयाचा आहे, तरी त्या त्याला दादाच म्हणतात. आपल्याकडे या एका शब्दात माया असते, थोडा मान असतो आणि "तू परका नाहीस" हेही असतं. त्याच्या जागी "महोदय" आलं आणि पहिल्याच शब्दाला नातं तुटलं. माणूस निरोप वाचायला लागतो तो हाक ऐकून. हाकच परकी असली तर पुढचं सगळं तो परक्याचं म्हणूनच वाचतो.

"तुम्ही"चं "आपण" झालं, तेही तसंच. मराठीत "आपण"ची आणखी एक अडचण आहे. त्याचा अर्थ अतिआदरानं "तुम्ही" असाही होतो आणि "तू-मी मिळून सगळे" असाही होतो. "आपण उद्या पैसे भरावेत" असं सोसायटीच्या ग्रुपवर कुणी टाकलं, तर भरायचे कुणी, हे विचारायला दोन जण तरी फोन करतात. ज्याच्या तोंडात "तुम्ही" आहे त्याचं "तुम्ही"च ठेवावं.

दुसरं, "मी" नाहीसं झालं. काकूंच्या निरोपात "मी विचारणार नव्हते", "मला बंद करावा लागेल", "आवडत नाही मला" असं तीनदा काकू स्वतः उभ्या आहेत. माझ्या मजकुरात "कळविण्यात येते" आणि "खंडित करण्यात येईल" आहे. कोण कळवतंय, कोण खंडित करतंय? कुणीच नाही. सरकारी पत्रव्यवहारात ही वाक्यरचना मुद्दाम वापरतात, कारण तिथे निर्णय खुर्चीचा असतो, खुर्चीवरच्या माणसाचा नसतो. पण डबा बंद करणारी एक बाई आहे आणि ते करताना तिला वाईट वाटणार आहे. कर्ता काढून टाकला की तिचा संकोच जातो, आणि उरते नुसती धमकी.

तिसरी चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, आणि ती माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. काकूंनी लिहिलं होतं, "जमेल तसे द्या पण द्या." म्हणजे हप्त्यानं दिले तरी चालतील, पण बुडवू नका. मी तिथे "लवकरात लवकर अदा करावी" घातलं. हा नुसता भाषेतला फरक नाही. काकूंनी दिलेली सवलत मी परस्पर काढून घेतली. मजकूर घासूनपुसून स्वच्छ करताना असे अर्थ हातोहात बदलतात, कारण तयार वाक्यं डोक्यात आधीच असतात आणि माणसाचं खरं म्हणणं त्या साच्यात कोंबलं जातं. "बघते", "जमलं तर येते", "बहुतेक होईल" यांचं "निश्चितपणे प्रयत्न करेन" केलं, की नसलेलं आश्वासन दिलं जातं आणि पुढे ते त्या माणसाला निस्तरावं लागतं.

आणि "हो" गेलं. "दोन्ही महाग झाली हो" यातलं. मुद्रितशोधकाच्या नजरेला हा फालतू शब्द. पण मराठी माणसाचा आवाज राहतो तो याच बारक्या शब्दांत. हो, ना, की, बरं का, तर, म्हणजे, अगं, जरा, तेवढं, आणि शब्दाला चिकटणारा "च". "येते मी", "येतेच मी", "येते ना मी", "येते हो मी" ही चार माणसं आहेत, निदान चार मनःस्थिती तरी.

हे केवळ माझं मत नाही. लेखक कोण हे ओळखण्याचं शास्त्र याच बारक्या शब्दांवर उभं आहे. १७८७-८८ मध्ये अमेरिकेची राज्यघटना मान्य व्हावी म्हणून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत "पब्लियस" या टोपणनावानं निबंध छापले गेले. एकूण ८५ निबंध, लेखक तिघे. त्यातल्या १२ निबंधांवर हॅमिल्टनचा हक्क की मॅडिसनचा, हा वाद पुढे दीडशे वर्षांहून अधिक चालला. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते १२ निबंध मॅडिसनचे असल्याचं दाखवून दिलं. त्यांनी मोठमोठे राजकीय शब्द मोजले नाहीत, कारण विषय एकच असल्यामुळे ते दोघांच्याही लिखाणात सापडणार. त्यांनी मोजले इंग्रजीतले छोटे-छोटे शब्द, आपल्या "वर", "तर", "सुद्धा" यांच्यासारखे. ते माणूस विचार करून निवडत नाही, म्हणूनच ते त्याचे असतात. आणि दुरुस्ती करणारा पहिल्यांदा त्यांनाच कात्री लावतो.

मराठीत आणखी एक खूण आहे, ती म्हणजे शेवटचा अनुस्वार. आपण बोलतो "असं केलं, त्यांनी सांगितलं" आणि शाळेत लिहायला शिकतो "असे केले, त्यांनी सांगितले". मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखन-नियमांतही कथा-कादंबरीतल्या पात्राच्या तोंडी "असं केलं" लिहायला मोकळीक दिलेली आहे. फोनवरचा निरोप हे बोलणंच आहे, तेव्हा ज्याची सवय "केलं" लिहायची आहे त्याचं "केले" करू नये. उलटही खरं आहे. माझे एक निवृत्त शिक्षक स्नेही साध्या निरोपातही "मी आलो होतो, आपली भेट झाली नाही, वाईट वाटले" असं लिहितात. त्यांचं "वाटलं" केलं तर त्यांच्या मुलाला ते खटकेल. सरळ, साधं, बोलकं लिहिलं की ते आपोआप खरं वाटतं, असं नाही. त्या माणसाचं असलं तरच खरं वाटतं.

हल्ली एक वेगळा गुळगुळीतपणाही दिसतो. त्याचे शब्द मराठी, पण चाल इंग्रजीची. "आशा आहे की हा संदेश मिळेल तेव्हा तुम्ही आनंदात असाल." "तुमच्या मौल्यवान वेळेबद्दल धन्यवाद." "हे केवळ एक काम नसून एक प्रवास आहे." आपल्याकडे निरोपाची सुरुवात "काय म्हणता, बरेत ना सगळे?" किंवा "एक काम होतं" अशी होते, आणि शेवट "बघा तेवढं" असा होतो. अशी वाक्यं दिसली की बदलू नका, सरळ काढून टाका. काढल्यानं मजकुरातलं काही कमी होत नाही, कारण त्यांत काही नसतंच. दुसरी खूण म्हणजे वाक्यांची लांबी. माणूस बोलताना एक लांबलचक वाक्य टाकतो, मग दोन शब्दांत थांबतो. सगळी वाक्यं एकाच मापाची झाली असतील तर आपला हात जास्त फिरलाय असं समजावं.

मग सुधारायचं काय? कारण काकूंचा मूळ निरोप तसाच पाठवावा, असंही मी म्हणणार नाही. त्यात खऱ्या अडचणी होत्या. विरामचिन्हं नसल्यानं "जून आणि जुलै ५२०० झाले" हे दोन्ही महिन्यांचे मिळून की महिन्याला तेवढे, ते कळत नव्हतं. कधीपर्यंत द्यायचे हे नव्हतं. कुठे पाठवायचे हेही नव्हतं. वाचणारा जिथे अडखळेल किंवा चुकीचा अर्थ काढेल तेवढ्याच जागा दुरुस्तीच्या. बाकीच्या जागा कितीही अशुद्ध दिसल्या तरी त्या काकूंच्या.

दुसऱ्यांदा मी काम उलट्या क्रमानं केलं. आधी काकूंच्या फोनवर त्यांनी त्याच मुलाला पूर्वी पाठवलेले निरोप वाचले, दहा-बारा असतील. त्याच मुलाला पाठवलेलेच वाचायचे, कारण एकच माणूस बहिणीला, गिऱ्हाइकाला आणि बँकेला तीन तऱ्हेनं लिहितो. त्यात दिसलं की काकू प्रत्येक निरोप "दादा"नं सुरू करतात, "आज उशीर होईल हो" असं "हो" शेवटी लावतात, नमस्कार-धन्यवाद कधीच लिहीत नाहीत आणि रकमेला "झाले" म्हणतात, "देय" नाही. मग फोन बाजूला ठेवून मी त्यांना विचारलं, "तो आता दारात उभा असता तर काय म्हणाला असतात?" त्या म्हणाल्या, "निम्मे तरी दे म्हणाले असते पंधरा तारखेपर्यंत." ही तारीख आणि हे निम्मे मी माझ्या मनानं घालू शकलो नसतो. जी माहिती मजकुरात नाही ती विचारूनच घालायची, आपल्या अंदाजानं नाही.

मग निरोप असा झाला:

"दादा, डबा चालू आहे, पण जून आणि जुलैचे पैसे नाही आले अजून. दोन्ही मिळून ५,२०० झाले. मी विचारणार नव्हते, पण गॅस आणि भाजी दोन्ही महाग झाली हो. जमेल तसे द्या, पण पंधरा तारखेपर्यंत निम्मे तरी द्या. नेहमीच्याच नंबरवर पाठवा. नाहीतर मला डबा बंद करावा लागेल. आवडत नाही मला असं बोलायला."

मूळ मजकुराशी ताडून पाहा. शब्द जवळजवळ तेच आहेत. विरामचिन्हं आली, "दोन्ही मिळून" आलं, तारीख आणि निम्म्याची गोष्ट आली, "नेहमीच्याच नंबरवर" आलं. "नेहमीच्याच"मधल्या "च"नं मोठं काम केलं. नवा नंबर, नवी लिंक असं काही नाही, हे त्या मुलाला कळलं. शेवटचं वाक्य काढावं, असं माझ्या मनात एकदा आलं होतं. पैशाच्या मागणीत ते कमकुवत दिसतं. पण पूर्ण निरोपात काकू सगळ्यात जास्त त्या वाक्यात आहेत, म्हणून हात आवरला.

पाठवण्याआधी मी त्यांना तो मोठ्यानं वाचायला लावला. ही परीक्षा फार सोपी आहे आणि कधी फसत नाही. जिथे माणूस अडखळतो तो शब्द त्याचा नसतो. पहिला मजकूर मी असा वाचून घेतला असता तर "प्रलंबित"पाशीच काकू थांबल्या असत्या आणि पुढचं घडलं नसतं. यामागे एक व्यवहारही आहे. समोरचा लगेच फोन करणार. त्या फोनवर काकूंना काकूंच्याच भाषेत बोलावं लागणार. लिहिलेली भाषा आणि फोनवरची भाषा यांत जितकं अंतर, तितका ऐकणाऱ्याचा विश्वास कमी होतो.

इथे एक उलटी चूकही सांगायला हवी, कारण गुळगुळीतपणा टाळायला निघालेले लोक तिच्यात हमखास पडतात. निरोप "खरा" वाटावा म्हणून मुद्दाम चुका घालणं, किंवा गावाकडची बोली ओतणं. कोल्हापूरकडच्या एका मुलाचा त्याच्या वर्कशॉपच्या मालकाला लिहिलेला सुट्टीचा निरोप कुणीतरी "लई ताप आलाय ओ, उद्या काय यायला जमत न्हाय" असा करून दिलेला मी पाहिलाय. तो मुलगा बोलतो "लई"च, पण मालकाला लिहिताना आजवर "खूप" लिहीत आला होता. माणसं बोलतात तशीच्या तशी लिहीत नाहीत. लिहिताना ती एक पायरी वर चढतात, आणि ती पायरीही त्यांचीच असते. तिच्यावरून त्यांना खाली ओढून बोलीत बसवणं म्हणजे त्यांचं सोंग काढणं. त्याच्या जुन्या निरोपांत जे आहे तेवढंच घ्यावं, त्यापेक्षा एक "लई"ही जास्त नको.

अर्ज-विनंत्यांचं थोडं वेगळं असतं. ग्रामपंचायतीला, बँकेला, सोसायटीच्या सचिवांना लिहिताना "विषय", "महोदय", "आपला विश्वासू" ही चौकट सगळ्यांचीच असते. तिथे कुणी लिहिणाऱ्याचा आवाज शोधत नाही, तेव्हा ती चौकट ठेवावी. पण चौकटीच्या आत जे सांगायचं आहे ते ज्याचं त्यालाच सांगू द्यावं. "पाणीपुरवठा अनियमित असून रहिवाशांची गैरसोय होत आहे" हे वाक्य कुठल्याही इमारतीला चालेल, म्हणून ते कुणालाच हलवत नाही. "मंगळवारपासून तिसऱ्या मजल्यावर पाणी सकाळी सव्वासहाला येतं आणि पावणेसातला जातं, आमच्या सासूबाईंना तोवर उठवत नाही" हे ज्या घरात घडतंय त्याच घरातलं माणूस लिहू शकतं. असं वाक्य दिसलं की "सासूबाईंचं इथे काय काम" म्हणून ते कापायचा मोह होतो. ते कापू नये. सचिवांना त्याच वाक्यामुळे टाकी कुणासाठी लवकर भरायची हे कळतं.

सांत्वनाच्या निरोपाला तर मी हल्ली हातच लावत नाही. एकदा एक कॉलेजातली मुलगी मैत्रिणीला पाठवायचा निरोप दाखवायला आली होती. "काल येता नाही आलं. आजी मला प्रत्येक वेळी मुठीत खारे शेंगदाणे द्यायच्या, घरी जाईपर्यंत पुरायचे." खाली तिनं "ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो" असं जोडलं होतं, आणि ते बरोबर लिहिलंय का एवढंच विचारत होती. बरोबर लिहिलं होतं. मी म्हटलं, ते तुला म्हणायचंय का? ती म्हणाली, सगळे लिहितात म्हणून लिहिलं. मग तिनंच ते खोडलं.

काकूंच्या निरोपाला त्याच रात्री उत्तर आलं. "काकू ३००० पाठवले बाकी पगार झाला की. राग नका मानू." काकूंनी फोन माझ्यापुढे धरला, उत्तर काय देऊ म्हणून. मग स्वतःच परत घेतला आणि टाइप केलं, "राग नाई दादा. उद्या मेथी करते." मी "नाई"कडे बघितलं आणि काही बोललो नाही.